पट्टे पडलेल्या फोटोतून स्थानकावरचा एलईडी फलक कसा वाचावा

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकावर किंवा मध्यवर्ती बस स्थानकात डोळ्यांना स्वच्छ दिसणारा एलईडी फलक मोबाइलच्या फोटोत आडव्या काळ्या पट्ट्यांनी चिरलेला येतो, आणि मग तोच फोटो व्हॉट्सअॅपवर ‘ही कोणती गाडी?’ या प्रश्नासह फिरू लागतो. त्यावर हमखास मिळणारे सल्ले दोन असतात: फोटोची ब्राइटनेस वाढवा, किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्लिकर ५० हर्ट्झवर ठेवा. दोन्ही निरुपयोगी आहेत. ५० हर्ट्झची सोय घरच्या विजेवर लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटसाठी असते आणि फलकाच्या लुकलुकण्याचा त्या विजेशी संबंध नसतो. ब्राइटनेसचे म्हणाल तर जे दिवे फोटोत पेटलेलेच नाहीत, ते नंतर उजळवता येत नाहीत.

फलकावरचे सगळे दिवे एकाच क्षणी कधीच पेटलेले नसतात. बाजारात पी-१० या नावाने मिळणारे पॅनेल घ्या. त्यात आडवे ३२ आणि उभे १६ दिवे असतात, आणि एकरंगी पॅनेलमध्ये त्या १६ रांगा बहुधा चार गटांत वाटलेल्या असतात. आधी १, ५, ९ आणि १३ या रांगा पेटतात, त्या विझल्या की २, ६, १० आणि १४, आणि असेच पुढे. हे चक्र सेकंदाला १०० वेळा फिरत असेल, तर प्रत्येक गट एका वेळी सेकंदाचा ४००वा भाग एवढाच पेटतो. डोळ्याला ते कळत नाही. भर उन्हात मोबाइलचा शटर मात्र सेकंदाच्या १०००व्या भागापुरता किंवा त्याहूनही कमी वेळ उघडतो, आणि त्या वेळात जो गट पेटलेला असेल तेवढाच फोटोत येतो.

फोटो तुम्हीच काढणार असाल तर प्रो मोडमध्ये शटर १/३० ठेवा, आयएसओ सर्वांत कमी करा, एचडीआर बंद करा आणि हात कठड्याला टेकवा. रात्री किंवा शेडखाली एवढ्यावर काम होते.

उन्हात १/३० ला फोटो पांढराफटक पडतो. अशा वेळी शटर जलदच राहू द्या, पण फोन उभा धरा आणि शक्य तितके फलकाजवळ जा. मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, आणि बहुतेक फोनमध्ये या ओळी फोनच्या लांब बाजूला समांतर असतात. फोन आडवा धरला की फलकाची सगळी उंची सेन्सरच्या मोजक्या ओळींत बसते, त्यामुळे एकच गट संपूर्ण फलकभर दिसतो आणि बाकीच्या रांगा टोकापासून टोकापर्यंत गायब होतात. फोन उभा धरला की चित्र डावीकडून उजवीकडे टिपले जाते, आणि फलकाने चौकटीची रुंदी भरली असेल तर तेवढ्या वेळात चक्र एक-दोनदा फिरून पट्टे जिन्यासारखे तिरपे पडतात. मग कोणतीही रांग टोकापासून टोकापर्यंत हरवत नाही. असे आठ-दहा फोटो काढा, पण त्यांमधले अंतर मुद्दाम अनियमित ठेवा. व्हिडिओ काढून त्यातली चित्रे घ्यावीत असे सांगणारे एक गोष्ट विसरतात: फलकाच्या चक्राचा वेग व्हिडिओच्या वेगाच्या नेमक्या पटीत असला, तर प्रत्येक चित्रात त्याच रांगा काळ्या येतात.

फोटो दुसऱ्याकडून आला असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, आणि एकापेक्षा जास्त असतील तर सगळे मागवा. ते एकमेकांवर नीट बसवून, सारख्या मापात कापून, संगणकावरच्या इमेजमॅजिक या प्रोग्रॅमला पुढची आज्ञा देऊन प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ बिंदू ठेवायचा:

```
magick 1.png 2.png 3.png -evaluate-sequence max out.png
```

मजकूर सरकता असेल किंवा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी पाने पालटत असतील, तर एकाच पानाचे स्थिर फोटो निवडा. नाहीतर दोन गावांची नावे एकमेकांत मिसळून तिसरेच गाव तयार होते.

खरी अडचण एकच फोटो हाती असतो तेव्हा येते. माझा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला आहे, आणि माझे ठाम मत असे की आकड्याचा एकंदर आकार बघून अंदाज करणे सोडून द्यावे आणि दिवे मोजावेत. कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. 17411 आणि 17412 ही महालक्ष्मी एक्सप्रेसची मुंबईहून येणारी आणि मुंबईला जाणारी गाडी, तर 17415 आणि 17416 ही हरिप्रिया एक्सप्रेसची तिरुपतीहून येणारी आणि तिरुपतीला जाणारी. पहिले चार आकडे सारखेच असल्याने सगळी भिस्त शेवटच्या आकड्यावर राहते.

नेहमीच्या लहान अक्षरवळणात आकडा पाच दिवे रुंद आणि सात दिवे उंच असतो आणि दोन आकड्यांमध्ये एक रकाना मोकळा असतो. म्हणून आधी स्पष्ट दिसणाऱ्या आकड्यावरून सहा-सहा रकान्यांची उभी आखणी करा. समजा, शेवटच्या आकड्याच्या दुसऱ्या आणि सहाव्या रांगाच फोटोत आल्या आहेत. वर दोन्ही टोकांचे दिवे आणि खाली डावीकडून दुसरा एकच दिवा असेल, तर तो 2. वर डावीकडून दुसरा एकच आणि खाली दोन्ही टोकांचे असतील, तर 6. वर अगदी डावीकडचा एकच आणि खाली दोन्ही टोकांचे, तर 5. वर दुसरा आणि तिसरा असे लागून दोन आणि खाली मधला एकच, तर 1. सातपैकी पाच रांगा गायब असूनही गाडी ओळखता आली.

हाच फोटो एका वेगळ्या क्षणी निघाला असता आणि फक्त चौथी, मधली रांग आली असती, तर 6 चे सलग चार दिवे ओळखू आले असते, पण 1, 2 आणि 5 यांचा प्रत्येकी एकच दिवा अनुक्रमे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रकान्यात येतो. फोटो जरासा तिरका असला की एका रकान्याची चूक सहज होते. अशा फोटोवरून गाडी सांगू नये, दुसरा फोटो मागावा. शिवाय अक्षरवळणे फलकागणिक बदलतात, म्हणून त्याच फलकावरच्या वेळेत तो आकडा कुठे आला आहे का ते पाहून ताडून घ्यावे.

देवनागरीत धोका वेगळा असतो. शिरोरेखा बहुधा एकाच रांगेत असते आणि ती रांग गेली की भ आणि म, ध आणि घ यांतला फरकच जातो. तळाच्या रांगा गेल्या की एसटीच्या पाटीवरचे ‘मुरगूड’ हे ‘मरगड’ होते आणि वरच्या गेल्या की ‘सांगली’चा अनुस्वार हरवतो. म्हणून नाव वाचण्यापूर्वी कोणत्या रांगा नाहीत ते ठरवा आणि तिथे बसू शकणारी मात्रा असू शकेल असे धरून त्या मार्गावरच्या गावांशी नाव जुळवा.

शेवटी एक तपासणी. स्कॅनमुळे, म्हणजे रांगा गटागटाने पेटत असल्यामुळे, गेलेल्या रांगा गटानेच जातात: चार गटांच्या पॅनेलमध्ये तिसरी गेली तर सातवी, अकरावी आणि पंधरावीही जाते. एकटीच रांग काळी असेल, शेजारच्या पॅनेलच्या सीमेवर नेमकी थांबत असेल आणि प्रत्येक फोटोत तिथेच असेल, तर ती फलकातच बिघडलेली आहे. तिच्यासाठी आणखी फोटो काढण्यात वेळ घालवू नये, चौकशी खिडकीवर विचारावे.