रिळावरचा रंग फसवतो
मोरपंखी ब्लाउजला मी रात्री ट्यूबलाइटखाली दोरा निवडला. सकाळी उजेडात बाहीची टीप हिरवट, फिकट दिसत होती. सगळी उसवली.

मास्तर म्हणाले, "रीळ कापडावर ठेवून काय बघतोस? एक पदर सोड." गुंडाळलेला दोरा दाट असतो म्हणून गडद भासतो, सुटा पदर उजळ. वीतभर दोरा कापडावर आडवा टाकून आम्ही दुकानाच्या पायरीवर, उन्हात नाही, सावलीत धरला. दोन रिळं उरली, एक किंचित फिकी, एक किंचित गडद. मास्तरांनी गडद उचललं. फिकी टीप लांबूनही चमकते, गडद कापडात बुडते.

डोळे किलकिले करून बघितलं. पदर दिसेना. शिवायला घेतलं.