तुरीवर पुन्हा तूर नको: काढणीपूर्वी मरीचे पट्टे नोंदवा

सोलापूर जिल्ह्यात तूर शेंगांवर आली की शेतात मधेच वाळलेले पट्टे दिसू लागतात, आणि चौकशी केली तर बहुतेक वेळा गेल्या वर्षीही तिथे तूरच होती असे कळते. कृषीच्या विद्यार्थ्यांनी हे पट्टे काढणीपूर्वी, याच आठवड्यात पाहावेत, कारण पीक निघाल्यावर खूण उरत नाही.

वाळलेल्या झाडाचे खोड बुडाजवळ उभे चिरावे. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या आणि बाहेरून बुडापासून वर जांभळट पट्टा चढलेला असला, तर ती फ्युजेरियम उडम या बुरशीची मर होय. पाण्याच्या ताणाने सुकलेल्या झाडात अशा रेषा नसतात. ही बुरशी मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते. म्हणून झाड कोमेजल्यावर विक्रेत्याच्या आग्रहाने केलेली महागडी आळवणी त्याला वाचवत नाही.

बुरशी जमिनीत राहिलेल्या धसकटांवर सुमारे 3 वर्षे तग धरते, म्हणून एक वर्षाची विश्रांती अपुरी पडते. 4 एकरांचे शेत असल्यास एकेक एकराचे चार भाग करावेत आणि प्रत्येक भागात तूर, रब्बी ज्वारी, करडई, पुन्हा रब्बी ज्वारी असा क्रम ठेवावा. दरवर्षी एका एकरात तूर मिळते, पण त्याच एकरात ती चौथ्या वर्षानंतरच येते, आणि मधल्या तीन पिकांवर ही बुरशी जगत नाही. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत शेतात राहत असल्याने त्याच वर्षी तिच्यामागे ज्वारी पेरता येत नाही. फेरपालट वर्षांच्या हिशेबानेच करावी लागते.

तुरीच्या गाठींनी मिळवलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांबरोबर बाहेर जातो. जमिनीला लाभ होतो तो गळलेल्या पानांचा आणि मुळांचा. तुरीनंतरच्या ज्वारीला नत्राची मात्रा पाव हिश्श्याने कमी करून चालते, असा माझा शेतातला अंदाज आहे. परंतु माती परीक्षणाशिवाय त्यापेक्षा अधिक कपात करू नये.

मर लागलेल्या पट्ट्यातील झाडे मात्र कापू नयेत, मुळांसकट उपटून शेताबाहेर जाळावीत. माझ्या पाहण्यात पट्टे पुढच्या वर्षी उताराच्या दिशेने, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर सरकतात, म्हणून पट्ट्याखालच्या भागाचीही नोंद घ्यावी.

पेरणीपूर्वीची कामे:
- बीएसएमआर 736 किंवा बीडीएन 711 हे मर-सहनशील वाण
- ट्रायकोडर्मा, 5 ग्रॅम प्रति किलो बियाणे
- त्यानंतर रायझोबियम

शेंगा पोखरणाऱ्या अळीवर मात्र या फेरपालटीचा भरवसा धरू नये. तिचा पतंग उडून येतो आणि शेजारचा हरभराही तिला चालतो. तिच्यासाठी कामगंध सापळे व निरीक्षण हे वेगळे काम आहे.