उलटीमुळे तापाचं औषध पोटात टिकत नाहीये, मुलाला सपोझिटरी कशी द्यायची

मागच्या मे महिन्यातली गोष्ट, जुळे सोलापूरला माझ्या बहिणीकडे होते. तिची मुलगी तीन वर्षांची, वजन 11 किलो. रात्री अकराला ताप 102.6, पॅरासिटामॉलचं सिरप दिलं आणि दहा मिनिटांत ते गुलाबी गुलाबी तसंच्या तसं चादरीवर आलं. पाण्याचा घोट दिला तरी उलटी. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले घरात सपोझिटरी आहे ना मागच्या वेळची, ती द्या. सपोझिटरी म्हणजे शीच्या जागेतून द्यायची मेणासारखी छोटी गोळी, आत गेली की अंगाच्या उबेनं विरघळते आणि औषध तिथूनच रक्तात जातं, पोटाचा संबंधच येत नाही म्हणून उलटीचा प्रश्न नाही. पण द्यायला गेलो तेव्हा कळलं की यात चुका किती होऊ शकतात, म्हणून सगळं नीट लिहिते.

आधी पाकिटावरचं नाव वाचा, आणि दोनदा वाचा. दिसायला सगळ्या सपोझिटरी सारख्याच, पण ग्लिसरीनची असते ती बद्धकोष्ठाची, तिचा तापाशी काही संबंध नाही. डायक्लोफेनॅकची पण मिळते, ती डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय मुलाला द्यायची नाही, आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू असतो आणि डेंग्यूत असली औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. आपल्याला हवी ती फक्त पॅरासिटामॉलची.

मग डोस. आपल्याकडे मुलांसाठी साधारण 80, 170 आणि 250 मिलिग्रॅमच्या मिळतात आणि वयावर नाही तर वजनावर ठरतं, एका वेळेला किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम. आमच्या पोरीचं गणित 11 गुणिले 15 म्हणजे 165, म्हणून 170 ची बरोबर बसली. 80 ची दिली असती तर अर्धाच डोस झाला असता, आणि 250 ची म्हणजे किलोमागे जवळजवळ 23, ते जास्त. मोठी कापून अर्धी द्यावी असं वाटतं, पण घरी कापू नका, दोन्ही तुकड्यांत औषध सारखं येईलच असं नाही. वजन मधेच कुठेतरी येत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याची खास अडचण. बहिणीनं ती कपाटात ठेवली होती, बाहेर 42-43, रात्री पण भिंती तापलेल्या, हातात घेतली तर पाकिटात लोण्यासारखी मऊ. अशी दिली तर आत जाण्याआधी बोटातच दबते, अर्धी बाहेर माखते आणि किती गेली तेच कळत नाही. मऊ पडलेली असेल तर पाकीट न उघडता फ्रिजमध्ये किंवा थंड पाण्याच्या वाटीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घट्ट होते. पूर्ण वितळून आकारच गेला असेल तर टाकून द्या आणि नवीन आणा. एरवी पण ती फ्रिजच्या दारात ठेवायची, फ्रीजरमध्ये नाही.

देताना असं करा. नखं कापलेली हवीत, हात साबणाने धुवा, ग्लोव्ह असेल तर घाला. मुलाला शी आल्यासारखी वाटत असेल तर आधी होऊ द्या, नाहीतर औषध पण त्याच्याबरोबर बाहेर येतं. खाली जाड टॉवेल टाका आणि मुलाला डाव्या कुशीवर झोपवून वरचा गुडघा पोटाकडे घ्या, अगदी तान्हं असेल तर डायपर बदलताना धरतो तसं उताणं ठेवून दोन्ही पाय वर. एकाने डोक्याशी बसायचं आणि मुलाशी बोलत राहायचं, दुसऱ्याने काम करायचं. पाकिटाच्या वरच्या दोन पट्ट्या वेगळ्या ओढल्या की ते केळ्याच्या सालासारखं सोलतं. गोळीचं टोक साध्या पाण्यात बुडवा, व्हॅसलीन किंवा तेल लावू नका.

एका हाताने कुल्ले थोडे बाजूला करा, टोकदार बाजू शीच्या जागेवर नुसती टेकवा आणि थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे. स्पर्श झाला की ती जागा आवळते, त्या क्षणी ढकललं तर दुखतं आणि गोळी सटकते, दोन-चार सेकंदांत मूल श्वास घेतं तेव्हा ती आपोआप ढिली पडते, तेव्हा हलकेच बेंबीच्या दिशेने आत सरकवा. लहान मुलाला करंगळीचं पहिलं पेर जाईल इतकं, साधारण दोन सेंटिमीटर. कडेवरच सोडली तर आत ओढली न जाता बाहेर येते, म्हणून आवळणाऱ्या कडेच्या पलीकडे गेल्याचं बोटाला जाणवलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर लावू नका, थांबून परत करा.

मग कुल्ले जवळ धरून पाचेक मिनिटं तसंच झोपवून ठेवा. माझी बहीण तिला "बाळा, पंखा मोज बरं" म्हणत होती आणि पोरगी एक-दोन-पाच करत पडून राहिली.

दहा-पंधरा मिनिटांच्या आत अख्खी गोळी बाहेर आली तर तीच किंवा नवीन परत घालता येते. पण अर्धी वितळून आली किंवा त्यानंतर आली तर दुसरी द्यायची नाही, कारण किती औषध आत गेलंय ते आपल्याला माहीत नाही. जुलाब चालू असतील तर ही वाटच उपयोगाची नाही, तसंच त्या जागी चीर किंवा रक्त असेल, लिव्हरचा आजार असेल तर आधी डॉक्टर.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. ताप लगेच उतरत नाही म्हणून लोक घाबरून वरून सिरप देतात. सपोझिटरीला सिरपपेक्षा वेळ लागतो, एक ते दोन तास धरा. आम्ही 11.50 ला दिली, पाऊण वाजता ताप 101.8, पावणेदोनला 100.4. औषध तेच, फक्त वाट वेगळी, म्हणून सिरप, गोळी, सपोझिटरी सगळं एकाच हिशोबात मोजायचं. आम्ही पुढचा डोस सकाळी 5.50 च्या आधी नाही असं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, म्हणजे सहा तासांचं अंतर, आणि 24 तासांत सगळं मिळून जास्तीत जास्त चार डोस. सिरप किती वाजता दिलं आणि उलटी किती वाजता झाली ते पण लिहा. आमचं दहा मिनिटांत पूर्ण बाहेर आलेलं डोळ्यांनी दिसलं म्हणून डॉक्टरांनी ते धरलं नाही, पण उलटी अर्ध्या तासानंतर झाली असती तर तो डोस झालाच असं समजून थांबावं लागलं असतं.

सपोझिटरी ताप कमी करते, उलटी थांबवत नाही. त्यामुळे दहा मिनिटं पोटाला आराम देऊन मग चमच्याने ओआरएस, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. बहिणीनं अर्धी वाटी पहाटेपर्यंत अशीच संपवली.

पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा जास्त ताप असेल तर घरी काही देत बसू नका, लगेच दवाखाना. मोठ्या मुलाला पण झटका आला, मान आखडली, जागं करून उठत नाही, उलटी हिरवी किंवा रक्ताची, अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके, किंवा सहा-आठ तासांत लघवीच नाही, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघायची नाही. पोरीनं साडेतीनला लघवी केली तेव्हा आम्ही दोघी जरा निवांत बसलो, आणि सकाळी डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरचं तेच पान फाडून नेलं.