सहा महिन्यांचं भाडं एकदम देऊन रेट कमी करून घेताय? या चुका टाळा

"काका, सहा महिन्यांचं भाडं एकदम देतो, महिन्याला जरा कमी करा ना." पुण्यात फ्लॅट शोधताना हे वाक्य हल्ली बरेच जण टाकतात आणि खरंतर ऑफर चांगलीच आहे, ओनरला दर महिन्याला फोन करायला लागत नाही आणि तुमचे थोडे पैसे वाचतात. पण आकडा ठरवताना आणि नंतर कागदावर लिहिताना लोक इतका गोंधळ घालतात की वाचलेले पैसे डिपॉझिटच्या भांडणात जातात.

एक उदाहरण धरून चालू. वाकडला टू बीएचके, भाडं 28,000, डिपॉझिट 1 लाख, 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स.

पहिली चूक म्हणजे अंदाजाने डिस्काउंट मागणं. लोक सरळ 24,000 म्हणतात, ओनर चिडतो आणि विषय संपतो. आधी बघा की तुमच्या ॲडव्हान्समधून त्याला व्याज किती सुटतं. पहिल्या महिन्याचं भाडं तसंही महिना सुरू होतानाच देतो आपण, म्हणजे ते लवकर दिलं असं होत नाही. दुसऱ्या महिन्याचं एक महिना आधी, तिसऱ्याचं दोन महिने आधी, असं करत सहाव्याचं पाच महिने आधी. 7 टक्के एफडीचा रेट धरला तर या सगळ्याचं व्याज होतं साधारण 2,450 रुपये, तेही सहा महिन्यांचं मिळून. म्हणजे महिन्याला चारशेच्या आसपास! त्यामुळे "तुमचे पैसे बँकेत वाढतील ना काका" या मुद्द्यावर चार हजार कोणी सोडणार नाही.

ओनरचा खरा फायदा दुसरीकडे आहे. फ्लॅट एक महिना रिकामा राहिला की त्याचे 28,000 गेले आणि वर मेंटेनन्स खिशातून. म्हणून मागण्याआधी वॉचमनला किंवा एजंटला विचारा की फ्लॅट कधीपासून रिकामा आहे. दोन महिने पडून असेल तर दोन हजार मागा, दीडवर या. कालच रिकामा झालाय आणि बघायला लाईन लागलीये, तर पाचशे-हजार मिळाले तरी घेऊन टाका. आणि हो, ॲडव्हान्स द्यायला पर्सनल लोन काढत असाल तर राहू द्या, पाचशेच्या डिस्काउंटमध्ये व्याजच निघत नाही.

समजा 26,500 वर ठरलं. सहा महिन्यांचे 1,59,000 द्यायचे, वाचले 9,000. आता पुढचा प्रश्न कोणी विचारतच नाही, सातव्या महिन्यापासून काय? तुम्ही धरून चालता की 26,500 अकरा महिने, काका धरून चालतात की ॲडव्हान्स संपला, आता 28,000. दोघंही आपापल्या जागी बरोबर, कारण बोलणं झालंच नाही. उरलेल्या पाच महिन्यांचे हे 7,500 रुपये आहेत. शिवाय ॲग्रीमेंटमध्ये 28,000 लिहून "डिस्काउंट आपलं तोंडी" असं केलंत तर रिन्यूअलला भाडंवाढही 28,000 वरच लागणार. ऑनलाईन रजिस्ट्रेशन करताना वेगवेगळ्या महिन्यांचं वेगळं भाडं टाकता येतं, तेव्हा जे ठरलंय तेच टाका. स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के आहे, या उदाहरणात साडेसातशेच्या आसपास येते, ती वाचवायला आकडे फिरवण्यात काहीच अर्थ नाही.

तसंच ॲडव्हान्स आणि डिपॉझिट एकत्र करू नका. एजंट घाईत "टोटल डिपॉझिट 2,59,000" असं लिहून मोकळा होतो. मग कागदावर तुम्ही एक रुपयाही भाडं भरलेलं नसतं! एक लाख डिपॉझिट, 1,59,000 अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचं ॲडव्हान्स भाडं, ट्रान्सफरच्या तारखेसकट, असं वेगळं लिहून घ्या.

आता सगळ्यात मोठी चूक, मधेच घर सोडायला लागलं तर काय हे न लिहिणं. समजा चौथा महिना संपता संपता तुमची बदली बंगलोरला झाली, तुम्ही एक महिन्याची नोटीस दिलीत, म्हणजे पाच महिने राहिलात. तुम्ही म्हणणार एका महिन्याचे 26,500 परत द्या. काका म्हणणार सहा महिने राहणार म्हणून तर कमी केलं होतं, आता कसले पैसे. ॲग्रीमेंटमध्ये याबद्दल एक ओळही नसेल तर पैसे ज्याच्या हातात त्याचं चालतं, आणि ते तुमच्या हातात नाहीत. माझ्या मते यातला सगळ्यात सरळ क्लॉज असा, भाडेकरूने आधी सोडलं तर तो जेवढे महिने घरात राहिला तेवढ्यांचं भाडं 28,000 ने धरायचं आणि बाकीचे परत. पाच महिन्यांचे झाले 1,40,000, म्हणजे 19,000 परत. ओनरने काढलं तर मात्र डिस्काउंट तसाच ठेवून पूर्ण 26,500 परत. वर डिपॉझिट दोन्ही वेळेला आहेच. हे पैसे चावी दिल्यापासून किती दिवसांत मिळणार तेही लिहा, आणि लॉक-इन पिरियडचा, म्हणजे ठरलेले महिने घर सोडायचं नाही असा क्लॉज वेगळा नीट वाचा, कारण तिथे सहा महिने लिहिलेले असतील तर तुमचा रिफंडचा क्लॉज त्याला आपटतो.

दुरुस्त्यांचंही तसंच. दर महिन्याचं भाडं द्यायचं असतं तेव्हा गीझर गळतोय म्हटल्यावर ओनर फोन उचलतो, सहा महिन्यांचे पैसे पोचल्यावर तो उत्साह राहीलच असं नाही. म्हणून नळ, गीझर, बाथरूमचं लिकेज, जे काय आहे ते पैसे देण्याआधी करून घ्या. ओनर आढेवेढे घेत असेल तर तीन-तीन महिन्यांचे दोन हप्ते ठरवा, डिस्काउंट थोडा कमी मिळेल पण दुसरा हप्ता तुमच्या हातात राहतो.

पैसे पाठवायची घाई तर अजिबात नको. "मी फोर्समध्ये आहे, पोस्टिंग बाहेर आहे, सहा महिन्यांचे टाका म्हणजे चावी कुरियर करतो" हा फ्रॉड जुना झाला तरी अजून चालतो. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा इंडेक्स टू, लाईट बिल, प्रॉपर्टी टॅक्सची पावती बघा आणि बँक अकाउंटचं नाव त्यांच्याशी जुळतंय का बघा. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मेंटेनन्स थकलाय का, बँकेची नोटीस लागलीये का विचारा. ज्या ओनरचे कर्जाचे हप्ते थकलेत त्याला एकरकमी पैशाची गरज जास्तच असते, आणि उद्या बँकेने ताबा घेतला तर तुमचा ॲडव्हान्स त्याच्याकडून वसूल करत बसा. टोकन म्हणून पाच-दहा हजार ठीक, बाकी रक्कम रजिस्ट्रेशनला दोघांचे थंब झाल्यावर आणि चावी घेताना. रजिस्ट्रेशन करून घ्यायची जबाबदारी कायद्याने ओनरची आहे, त्यामुळे "नोटरी चालतं हो" म्हणाला तर सहा महिन्यांचं देऊच नका.

कॅश मागितली तर नाही म्हणा. दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्यालाच इन्कम टॅक्सचा तेवढाच दंड बसू शकतो, आणि त्याखालची रोख दिलीत तरी तुमच्याकडे पुरावा काय? पावत्या महिन्यावार घ्या, एकच मोठी पावती नको, कारण एचआरए क्लेम करताना ऑफिसला महिने दिसायला लागतात, आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर ओनरचा पॅन पण लागतो. तो पॅन ॲग्रीमेंटच्या वेळीच घेऊन ठेवा, मार्चमध्ये मागायला गेलात की काका गावाला गेलेले असतात.