संध्याकाळी व्यायाम करताना मळमळतं? खाण्याची वेळ उलटी मोजा

माझ्याकडे व्यायामाला येणारा एक तरुण नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात काम करतो, वजन साधारण 70 किलो. साडेपाचला सुटायचा, पावणेसहाला वाटेत मिसळ आणि दोन पाव खायचा आणि साडेसहाला जिममध्ये हजर. बैठकांच्या तिसऱ्या सेटला त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, करपट ढेकर यायचे आणि तो बाकावर डोकं धरून बसायचा. आपला स्टॅमिनाच कमी आहे, अशी त्याची समजूत झाली होती. खरी गोष्ट एवढीच होती की मिसळ अजून जठरातच होती.

भरपेट जेवण जठरातून पुढे सरकायला तीन-चार तास सहज लागतात. तेल आणि चोथा जितका जास्त, तितकं ते रेंगाळतं. मिसळीत तर्रीचं तेल, तळलेलं फरसाण आणि मटकी अशी तिन्ही रेंगाळणारी मंडळी एकत्र येतात. त्यात जोराचा व्यायाम सुरू झाला की रक्त स्नायूंकडे वळतं आणि पोटाचं काम आणखी मंदावतं. बैठक मारताना दम रोखला की पोटावर दाब येतो आणि आतलं आम्ल वर ढकललं जातं.

म्हणून आधी आपली मळमळ कोणती ते ओळखा. खाल्लेल्याची चव ढेकरातून येत असेल, पोट तट्ट वाटत असेल, तर ती भरल्या पोटाची. हात थरथरतात, गार घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, तर बहुतेक पोट रिकामं आहे. अशा माणसाने खाणं आणखी कमी केलं तर त्रास वाढेल. ही गफलत मी फार वेळा पाहते, म्हणून आठवडाभर एवढंच लिहून ठेवा: काय खाल्लं, किती वाजता, कोणत्या व्यायामाला त्रास झाला.

मग व्यायामाच्या वेळेपासून मागे मोजत या. दुपारचा डबा एक-दीडला पोटभर खा; संध्याकाळची खरी ताकद तिथूनच मिळते. दुपारी अर्धवट खाल्लं की साडेपाचला मिसळीकडे पाय वळणारच. त्यानंतरचं खाणं दोन प्रकारे बसवता येतं. अडीच तास हातात असतील तर एक वाटी पोहे किंवा उपमा, तेल बेताचं. तासभरच असेल तर जवळजवळ चोथा-तेल नसलेलं आणि थोडं: एक केळं आणि दोन खजूर, किंवा मूठभर मनुके. एक तास आधी वजनाच्या दर किलोला 1 ग्रॅम कर्बोदकं, असा एक प्रचलित हिशेब आहे. 70 किलोच्या माणसाला ती 70 ग्रॅम होतात. पोट जड होणाऱ्याने निम्म्यावर सुरुवात करावी. एक केळं आणि दोन खजूर साधारण तेवढेच भरतात.

पाणीही बघा. जिममध्ये शिरताना गटागटा अर्धा लिटर प्यायलं तर ते पोटात डुचमळतं. दुपारपासून थोडं थोडं प्या, शेवटच्या अर्ध्या तासात एखादा पेला पुरे.

बदल एका वेळी एकच करा आणि तीन-चार दिवस तो तसाच ठेवा. आधी तेल कमी करा, मग प्रमाण, मग वेळ. सगळं एकदम बदललं तर कशाने गुण आला ते कळत नाही. आमच्या या तरुणाने पहिल्या आठवड्यात मिसळ सोडून साडेचारला ताटभर पोहे खाल्ले, वर शेव. ढेकर थांबले, जडपणा राहिला. दुसऱ्या आठवड्यात चारच्या चहाच्या सुट्टीत एकच वाटी पोहे, शेव बंद. बैठका निर्धास्त व्हायला लागल्या. एक दिवस ओव्हरटाइममुळे जिमला यायला साडेसात झाले आणि त्याचे हात थरथरू लागले. तेव्हापासून उशीर होणार असं दिसलं की तो निघण्याआधी डब्यातलं केळं खातो. मिसळ आता रविवारी सकाळी, नाशिककरांच्या रिवाजाप्रमाणे.

इतकं करूनही मळमळत राहिलं तर जड व्यायामाआधी पंधरा मिनिटं हलका व्यायाम करा आणि उचलताना श्वास सोडायला विसरू नका. दर वेळी उलटी होत असेल, छातीत दाब किंवा दुखणं जाणवत असेल, तर खाण्याशी खेळत बसू नका, व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाण्याची वेळ आणि प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावं, कारण त्यांची साखर व्यायामात अचानक खाली जाऊ शकते.