टँकर किती आले नव्हे, पाणी किती मिळालं: प्रभागाची नोंदवही अशी ठेवा

टँकरच्या नोंदवहीत रोज तीन आकडे हवेत: खेपा, लिटर आणि घरं. खेपा कुणीही मोजेल. घोळ होतो तो उरलेल्या दोन आकड्यांत.

आधी एक साधी वही घ्या. प्रत्येक खेपेला एक ओळ: तारीख, गाडीचा नंबर, कुठून भरून आला, पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ, येताना पाणी, जाताना उरलेलं पाणी, चालकाची आणि गल्लीतल्या एकाची सही. ओळ टँकर उभा असतानाच भरा. संध्याकाळी आठवून भरलेल्या वहीत सगळ्या खेपा हटकून ‘५,००० लिटर’ निघतात.

लिटर मोजायला टाकीच्या आतल्या उंचीएवढी सरळ काठी पुरते. गाडी सपाट जागी उभी करून पाणी हिंदकळायचं थांबलं की चालकाला वरच्या झाकणातून काठी उभी तळापर्यंत सोडायला सांगा. टाकी गोल किंवा लंबगोल असते, त्यामुळे काठी अर्धी भिजली तर पाणीही अर्धं. पण पाव भिजली तर पाणी पाव नसतं, जेमतेम पाचवा हिस्सा असतं. पाऊण भिजली तर पाच हिश्श्यांतले चार. म्हणजे ५,०००च्या टाकीत या तीन खुणा २,५००, १,००० आणि ४,००० लिटरच्या. काठीवर त्या रंगवूनच ठेवा.

घरांसाठी वेगळं पान करा. सगळ्या घरांची यादी एकदाच लिहायची, पुढे तारखांचे रकाने, आणि पाणी मिळालं की खूण. दुसऱ्या खेपेला तेच घर पुन्हा हंडे घेऊन आलं तरी नवी खूण नाही.

समजा, म्हसरूळकडच्या एका वसाहतीत दिवसात तीन खेपा झाल्या. पहिली भरलेली आली, रिकामी गेली: ५,०००. दुसरी आली तीच पाऊण काठी: ४,०००. तिसरी भरलेली आली, पण पाव काठी पाणी घेऊन परत गेली: तेही ४,०००. चालकाच्या कागदावर १५,०००, तुमच्या वहीत १३,०००. रांगेत डोकी मोजणाऱ्याने २६, २४ आणि २२ मिळून ७२ घरं लिहिली असती. यादीवर खुणा मात्र ४१. म्हणजे घरटी साधारण ३१७ लिटर. ७२ने भागलं तर साधारण १८१ येतात आणि सगळ्यांना थोडंथोडं मिळाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात यादीतल्या ६० पैकी १९ घरांना थेंबही मिळालेला नसतो.

महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार नेताना बेरजेच्या पानासोबत या १९ घरांचं पानही जोडा. माझ्या मते ते जास्त उपयोगी पडतं, कारण ‘पाणी कमी आलं’ यावर वाद घालता येतो, पण एकाच टोकाची घरं सलग चार दिवस कोरी दिसली तर टँकर कुठे उभा करायचा हे लगेच कळतं.