शिशाचा पत्रा उन्हाळ्यात कसा ओघळतो: विरूपण-नकाशा वाचायची रीत

वाळूजच्या एखाद्या कारखान्यात आम्लाच्या टाकीला आतून शुद्ध शिशाचा पत्रा लावायचा आहे असं धरा. पत्रा वरच्या कडेवर टांगलेला, लांबी ३ मीटर, मे महिन्यातलं तापमान ४२ अंश. स्वतःच्या वजनाने तो वर्षानुवर्षं हळूहळू लांबत जाणार. या प्रकाराला क्रीप म्हणतात. पण तो नेमका कुठल्या वाटेने होतो, हे धातुशास्त्रज्ञ अ‍ॅश्बी यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या विरूपण-नकाशावर पाहता येतं: कुठल्या तापमानाला आणि ताणाला कुठली वाट चालते ते तो दाखवतो.

आधी तापमान. नकाशाच्या आडव्या अक्षावर T/Tm असतं, म्हणजे तापमान भागिले वितळबिंदू, दोन्ही केल्विनमध्ये. आपले ३१५, शिशाचे ६०१, उत्तर ०.५२. सेल्सिअसमध्येच भागाकार केला तर ०.१३ येतं आणि शिसं थंडगार, निर्धोक वाटू लागतं. खरं तर मराठवाड्याचा उन्हाळा शिशाला वितळबिंदूच्या अर्ध्या वाटेवर नेतो.

मग ताण. घनता × g × लांबी केलं की वरच्या कडेशी सुमारे ०.३३ मेगापास्कल मिळतात. पत्र्याची जाडी इथे लागतच नाही, कारण जाडी वाढली तर वजन आणि छेद दोन्ही सारखेच वाढतात. बरेच नकाशे कर्तन-ताणावर काढलेले असतात, म्हणून √३ ने भागा: ०.१९. शिशाचा कर्तन-गुणांक G साधारण ७.२ गिगापास्कल, तेव्हा उभ्या अक्षावर σ/G, म्हणजे ताण भागिले हा गुणांक, सुमारे 2.7 × 10⁻⁵ येतो.

धातू ज्या बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो ते ग्रेन. बिंदू मांडण्याआधी नकाशा कुठल्या ग्रेन-आकाराचा आहे ते बघा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ग्रेन ५० मायक्रॉनचे असतील तर आपला बिंदू विसरण-क्रीपच्या क्षेत्रात पडतो: अणू ग्रेनच्या सीमांवरून सरकतात, आणि हा वेग ग्रेनच्या व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ग्रेन १ मिलिमीटरचे झाले, म्हणजे २० पट, की हा वेग ८,००० पट घटतो. दुसरी वाट डिस्लोकेशन-क्रीपची, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतले रेषेसारखे दोष सरकून होणारा क्रीप. त्याला मात्र ग्रेनच्या आकाराशी फारसं देणंघेणं नसतं, त्यामुळे तोच बिंदू आता सीमारेषा ओलांडून जेमतेम डिस्लोकेशनच्या बाजूला जातो. सीमारेषेवर दोन्ही वेग समान असतात. तिच्या जवळ मोजमापाची छोटी चूकही निकाल फिरवते, म्हणून तिथे दोन्ही वेगांची बेरीजच घ्यावी.

खात्री करायची तर त्याच तापमानाला नमुन्यावरचा ताण दुप्पट करा. क्रीपचा वेगही दुप्पट झाला तर विसरण. तीसेक पट किंवा त्याहून जास्त वाढला तर डिस्लोकेशन, कारण शिशात तो ताणाच्या सुमारे पाचव्या घाताने वाढतो. मिश्रधातू असेल, उदाहरणार्थ अँटिमनी मिसळलेलं शिसं, तर हा नकाशा बाजूला ठेवा, त्याचा वेगळा लागतो.

बारीक ग्रेनचा पत्रा असेल तर ग्रेन मोठे करणं हा मुख्य उपाय. जाड ग्रेनच्या पत्र्याला मधोमध आणखी एक आधार द्या: ताण निम्मा झाला की डिस्लोकेशनचा वाटा ३२ पट किंवा त्याहूनही जास्त घसरतो. एकूण लांबणं मात्र तेवढं कमी होत नाही, कारण बिंदू सीमा ओलांडून विसरणाच्या क्षेत्रात उतरतो आणि तिथला वेग फक्त निम्मा होतो.